पोस्टाच्या आरडीचे पासबुक कसे वाचावे: हप्ते, दंड, व्याजदर आणि मुदतीची रक्कम

माझी मावशी कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीत राहते. पोस्टात तिचे दरमहा २,००० रुपयांचे आवर्ती ठेव खाते आहे, म्हणजे ज्याला आपण सगळे आरडी म्हणतो ते. हप्ता ती स्वतः पोस्टात जाऊन भरत नाही. वसाहतीत येणाऱ्या एजंट ताई तो घेऊन जातात. ऑगस्ट २०२५ मध्ये त्या ताईंनी हप्त्याबरोबर वीस रुपये जास्त मागितले आणि मावशीने ते दिलेही, पण वीस रुपये कशाचे हे तिला नीट कळले नाही. दुसऱ्या दिवशी ती पासबुक घेऊन ठाण्याला माझ्याकडे आली. ते पासबुक आम्ही ज्या क्रमाने वाचले, त्याच क्रमाने हा लेख लिहिला आहे, कारण ज्यांनी नुकतेच खाते उघडले आहे त्यांना पडणारे बहुतेक प्रश्न त्या एका पासबुकात होते. मावशीची हरकत नसल्यामुळे तिच्या खात्यातले आकडे आहेत तसेच दिले आहेत. खाते क्रमांक मात्र दिलेला नाही.

आधी खाते उघडल्याची तारीख

पासबुक हातात आले की बहुतेक जण थेट शेवटच्या पानावरची शेवटची शिल्लक पाहतात. आरडीच्या बाबतीत ही सवय बाजूला ठेवून प्रथम पहिले पान उघडावे. त्या पानावर नाव, खाते क्रमांक, सीआयएफ क्रमांक, नॉमिनीची नोंद, मासिक हप्त्याची रक्कम, खाते उघडल्याची तारीख आणि मुदतपूर्तीची तारीख असते. नाव आणि नॉमिनी बरोबर आहेत ना एवढे पाहून घ्यावे. सीआयएफ क्रमांक हा तुमचा ग्राहक म्हणून असलेला क्रमांक असतो, खात्याचा नव्हे. त्यामुळे पोस्टात तुमची दोन-तीन खाती असतील, तर त्या सगळ्यांवर तो एकच दिसायला हवा.

यानंतर पेन्सिलीने एक गोल करावा, तो खाते उघडल्याच्या तारखेभोवती. मावशीच्या पासबुकात ही तारीख १२ जून २०२३ अशी होती. पुढच्या तीन गोष्टी या एकाच तारखेवरून ठरतात: दरमहा हप्ता कोणत्या दिवसापर्यंत भरायचा, खात्याला कोणता व्याजदर लागू आहे आणि खाते कधी पूर्ण होणार. पोस्टाच्या आरडीची मुदत पाच वर्षांची, म्हणजे ६० मासिक हप्त्यांची असते, म्हणून मावशीचे खाते १२ जून २०२८ रोजी पूर्ण होईल. पहिल्या पानावर मुदतपूर्तीची तारीख छापलेली असेल तर ती या हिशेबाशी जुळते का ते पाहावे.

हप्त्याच्या अंतिम दिवसाचा नियम सोपा आहे, पण खाते उघडताना तो आपल्याला सांगितला गेलाच असेल असे नाही. खाते महिन्याच्या १ ते १५ तारखेच्या दरम्यान उघडले असेल, तर पुढचा प्रत्येक हप्ता त्या त्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरावा लागतो. खाते १६ तारखेला किंवा त्यानंतर उघडले असेल, तर महिन्याच्या शेवटच्या कामकाजाच्या दिवसापर्यंत मुभा असते. मावशीचे खाते १२ तारखेला उघडलेले असल्यामुळे तिची मर्यादा १५ तारखेची. तिला इतकी वर्षे वाटत होते की महिना संपेपर्यंत कधीही भरले तरी चालते, कारण तिच्या शेजारणीचे तसे चालते. शेजारणीचे खाते महिन्याच्या २० तारखेला उघडलेले होते, एवढाच काय तो फरक. नवीन खाते उघडायचे असेल आणि पगार महिन्याच्या शेवटी होत असेल, तर १६ तारखेनंतर पोस्टात जावे असे मी ओळखीच्यांना आवर्जून सांगतो.

शिलकीला हप्त्याने भागावे

आता आतली पाने पाहू. तारीख, तपशील, जमा, नावे आणि शिल्लक असे रकाने बचत खात्याच्या पासबुकासारखेच दिसतात, आणि तिथेच गैरसमज होतो. बचत खात्याच्या शिलकीत व्याजही मिसळलेले असते. आरडीच्या पासबुकातली शिल्लक ही तुम्ही आजवर भरलेल्या हप्त्यांची बेरीज असते. व्याजाची आकारणी दर तिमाहीला चक्रवाढीने होत असली, तरी ते दरमहा किंवा दर तिमाहीला जमेच्या रकान्यात येऊन पडत नाही. म्हणून ‘दोन वर्षे झाली तरी एक पैसाही व्याज लागले नाही’ ही तक्रार करण्याचे कारण नाही. व्याजाचा हिशेब खाते बंद होताना हाती येतो.

शिल्लक म्हणजे नुसत्या हप्त्यांची बेरीज असल्यामुळे एक फार उपयोगी पडताळणी करता येते. शेवटच्या शिलकीला मासिक हप्त्याने भागावे. भागाकार पूर्ण संख्येत यायला हवा आणि ती संख्या म्हणजे भरलेल्या हप्त्यांची संख्या. भागाकार पूर्ण येत नसेल, तर त्या पासबुकात काही वेगळी नोंद आहे असे समजावे आणि ती ओळ काउंटरवर दाखवून विचारावे.

दुसरीकडे, खाते उघडल्याचा महिना धरून आजच्या महिन्यापर्यंत किती महिने झाले ते मोजावे. पहिला हप्ता खाते उघडतानाच भरलेला असतो, म्हणून पहिला महिनाही मोजायचा असतो. इथे एकाची चूक अगदी सहज होते. ती टाळण्यासाठी बोटांवर न मोजता, पहिल्या महिन्यापासून त्याच महिन्याच्या पहिल्या वाढदिवसाच्या आदल्या महिन्यापर्यंत बारा, असे धरावे. मावशीच्या खात्यात जून २०२३ ते मे २०२४ हे बारा महिने, जून २०२४ ते मे २०२५ हे आणखी बारा, आणि त्यापुढे जून, जुलै व ऑगस्ट २०२५ हे तीन, असे एकूण २७ महिने झाले. म्हणजे ऑगस्टचा हप्ता भरल्यानंतर शिल्लक ५४,००० रुपये असायला हवी होती.

पासबुक नुकतेच छापून आणलेले होते. शेवटची ओळ ११ ऑगस्ट २०२५ ची आणि तिच्यापुढची शिल्लक ५२,००० रुपये. दोन हजारांनी भागले तर २६ हप्ते. एक हप्ता कमी होता.

दंड कुठे दिसतो आणि कुठे दिसत नाही

कमी पडलेला हप्ता शोधण्याआधी जुना एक खंड समजून घ्यावा लागला, कारण मावशीला आधी तोच आठवला. २०२३ च्या दिवाळीत ती साताऱ्याकडे गावी गेली होती. त्या वर्षी भाऊबीज १५ नोव्हेंबरला होती, म्हणजे नेमकी तिच्या हप्त्याच्या शेवटच्या दिवशी, आणि ती परतली १८ तारखेला. नोव्हेंबरचा हप्ता राहिला तो ७ डिसेंबरला डिसेंबरच्या हप्त्याबरोबर भरला गेला. पासबुकातल्या त्या भागात पुढील नोंदी होत्या. १२ ऑक्टोबर २०२३, जमा २,०००, शिल्लक १०,०००. त्याच्या खालच्या ओळीत थेट ७ डिसेंबर २०२३, जमा ४,०००, शिल्लक १४,०००. मधल्या नोव्हेंबरची ओळच नाही.

मावशीच्या वहीत मात्र त्या दिवशी ४,०२० रुपये दिल्याची नोंद होती. वीस रुपये पासबुकात का आले नाहीत, हा तिचा दोन वर्षांपासूनचा प्रश्न होता. ते वीस रुपये म्हणजे उशिराचा दंड. हप्ता चुकलेल्या महिन्यासाठी दर १०० रुपयांच्या हप्त्यामागे १ रुपया दंड लागतो, म्हणून २,००० रुपयांच्या हप्त्याला एका महिन्याच्या उशिराचे २० रुपये. ही रक्कम ठेव नसते, म्हणून ती शिलकीत मिळवली जात नाही आणि तिच्यावर व्याजही मिळत नाही. तुम्ही दिलेले पैसे आणि शिलकीत झालेली वाढ यांत असा छोटा फरक दिसला, तर तो दंडाशी जुळतो का हे आधी तपासावे. जुळत असेल तर पैसे हरवलेले नाहीत.

नेमका उलटा फरक आगाऊ हप्ते भरणाऱ्यांच्या पासबुकात दिसतो. चालू महिना धरून किमान सहा हप्ते एकदम भरले तर सूट मिळते. दर १०० रुपयांच्या हप्त्यामागे सहा महिन्यांसाठी १० रुपये आणि बारा महिन्यांसाठी ४० रुपये. २,००० रुपयांच्या खात्यात सहा हप्ते एकदम भरणाऱ्याला २०० रुपयांची सूट मिळेल, म्हणजे खिशातून ११,८०० रुपये जातील आणि शिल्लक १२,००० रुपयांनी वाढेल.

मावशीच्या नोव्हेंबर २०२३ च्या खंडाचा हिशेब अशा रीतीने पुरा झाला. डिसेंबर २०२३ हा सातवा महिना आणि शिल्लक १४,०००, म्हणजे सात हप्ते. त्या दिवशी खाते पुन्हा वेळेवर आले होते. याचा अर्थ आता कमी पडणारा हप्ता त्यानंतरचा कुठला तरी होता.

ओळी नियमित दिसतात तेव्हाही मोजावे

येथून पुढे आम्ही प्रत्येक ओळीशेजारी पेन्सिलीने हप्त्याचा अनुक्रमांक लिहीत गेलो. हे काम कंटाळवाणे असले तरी त्याला पर्याय नाही. मे २०२५ च्या ओळीशेजारी २४ आला आणि शिल्लक ४८,०००, म्हणजे तोपर्यंत सगळे ठीक. जूनच्या ओळीशेजारी २५. त्याच्या खालची ओळ थेट ११ ऑगस्टची, शेजारी २६. जुलैची ओळ नव्हती.

मावशीने लगेच पिशवीतून एजंट ताईंचे कार्ड काढले. पोस्टाच्या आरडीसाठी हप्ते गोळा करणाऱ्या या बहुतेक ताई महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजनेच्या अधिकृत एजंट असतात आणि पैसे घेताना त्या एका कार्डावर रक्कम व तारीख लिहून सही करतात. त्या कार्डाला अस्लास कार्ड म्हणतात. मावशीच्या कार्डावर ११ जुलै २०२५ रोजी २,००० रुपये घेतल्याची सही होती. म्हणजे पैसे दिले गेले होते, पण त्या महिन्यात पोस्टात जमा झाले नव्हते.

या दोन कागदांमधला फरक नवीन खातेदाराने पक्का लक्षात ठेवावा. कार्डावरची सही तुम्ही एजंटाला पैसे दिल्याचा पुरावा असते. ते पैसे पोस्टाला मिळाल्याचा पुरावा पासबुकातली नोंद असते. दोन्ही लागतात, आणि दोन्ही एकमेकांशी ताडून पाहिले जात नाहीत तोवर एकाने दुसऱ्याची जागा घेऊ नये. एजंटाचे कमिशन सरकार देते, खातेदाराने त्यासाठी वेगळे काही द्यायचे नसते. म्हणून हप्त्यापेक्षा जास्त रक्कम मागितली गेली, तर ती दंडाची आहे का आणि कोणत्या महिन्याच्या दंडाची आहे, हे त्याच वेळी विचारावे. मावशीकडून मागितलेले वीस रुपये हाच या खंडाचा पहिला सुगावा होता.

इथे एक बारकावा आहे आणि माझ्या मते पासबुक वाचताना सगळ्यात जास्त फसगत त्याच्यामुळे होते. हप्ता थकला असेल, तर नंतर भरलेला पैसा आधी थकलेल्या महिन्याच्या खाती, दंडासह, घेतला जातो आणि मगच चालू महिन्याचा हप्ता भरता येतो. त्यामुळे ११ ऑगस्टच्या ओळीत दिसणारे २,००० रुपये खरे तर जुलैचे होते, आणि ऑगस्टचा हप्ता अजून भरायचाच होता. हे लक्षात आले नसते, तर सप्टेंबरमध्ये भरलेले पैसे ऑगस्टला गेले असते, ऑक्टोबरचे सप्टेंबरला, आणि दर महिन्याला वीस रुपयांचा दंड लागत राहिला असता. वरवर पाहिले तर पासबुकात दर महिन्याला एक ओळ, तारीखही १५ च्या आतली. केवळ तारखा पाहून हे कधीही कळत नाही. महिन्यांची संख्या आणि हप्त्यांची संख्या शेजारी मांडल्यावरच कळते.

आमचे नशीब असे की हे १२ ऑगस्टला लक्षात आले. १५ ऑगस्टची सुट्टी असल्यामुळे हाती १४ तारखेपर्यंतचे दिवस होते. मावशीने ताईंना फोन केला. जुलैच्या यादीत आपल्याकडून मावशीचा खाते क्रमांक राहून गेला, हे त्यांनी कार्ड पाहिल्यावर मान्य केले, घेतलेले वीस रुपये परत दिले आणि जुलैला घेतलेले २,००० रुपये १३ तारखेला ऑगस्टचा हप्ता म्हणून भरले. त्या आठवड्यात पासबुक पुन्हा छापून घेतले तेव्हा शिल्लक ५४,००० झाली होती, म्हणजे २७ महिने आणि २७ हप्ते. एजंट ताई चांगल्या होत्या आणि चूक अनवधानाने झाली होती. पण पासबुक सहा-सहा महिने कपाटात राहिले असते, तर कार्डावरची एक जुनी सही कोणत्या यादीतून राहिली हे शोधणे दोघींनाही अवघड गेले असते. एजंटामार्फत भरणाऱ्याने किमान दर दोन महिन्यांनी पासबुक छापून घ्यावे.

खंड वाढत गेले तर काय होते, तेही याच ठिकाणी सांगितले पाहिजे. सलग चार हप्ते थकले की खाते खंडित धरले जाते. चौथा हप्ता चुकल्यापासून दोन महिन्यांच्या आत थकलेले हप्ते दंडासह भरून ते पुन्हा चालू करता येते. ही मुदत गेली की त्या खात्यात पुढे पैसे भरता येत नाहीत. चारपेक्षा जास्त खंड नसतील, तर आणखी एक मार्ग असतो. जितके हप्ते राहिले तितके महिने मुदत वाढवून घेऊन ते त्या वाढीव काळात भरता येतात. पासबुकात हे ओळखायचे असेल तर हप्त्यांची संख्या महिन्यांच्या संख्येपेक्षा कितीने मागे आहे ते पाहावे. फरक दोनचा झाला की त्याच आठवड्यात पोस्टात जावे, चारची वाट पाहू नये.

व्याजदर कोणता धरायचा

मावशीचा दुसरा प्रश्न व्याजाचा होता. पोस्टातल्या दरफलकावर आरडीसमोर ६.७ टक्के असे लिहिलेले तिने पाहिले होते आणि वसाहतीतल्या कोणीतरी फोनवर हिशेब करून तिला मुदतीनंतर १,४२,७३२ रुपये मिळतील असे सांगितले होते. हिशेबात चूक नव्हती, पण तो तिच्या खात्याचा नव्हता.

अल्पबचत योजनांचे दर केंद्र सरकार दर तिमाहीसाठी जाहीर करते आणि फलकावर दिसतो तो त्या तिमाहीत उघडल्या जाणाऱ्या नव्या खात्यांचा दर. आरडीला खाते उघडल्याच्या दिवशी जो दर लागू असतो, तोच पाचही वर्षे कायम राहतो. पुढे दर वाढले तर ते तुम्हाला मिळत नाहीत आणि घटले तर तुमचे नुकसानही होत नाही. म्हणून पासबुकावर दर छापलेला नसेल, तर पेन्सिलीने गोल केलेल्या तारखेकडे परत जायचे. पाच वर्षांच्या आरडीचा दर १ एप्रिल २०२० पासून ३१ मार्च २०२३ पर्यंत ५.८ टक्के होता. एप्रिल ते जून २०२३ या तिमाहीत तो ६.२ टक्के होता, जुलै ते सप्टेंबर २०२३ मध्ये ६.५ टक्के झाला आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून ६.७ टक्के झाला. मावशीचे खाते १२ जून २०२३ चे, म्हणजे ६.२ टक्क्यांचे. एकोणीस दिवसांनी जुलैमध्ये उघडले असते तर ६.५ टक्के मिळाले असते. तेव्हा ते कुणालाच ठाऊक नव्हते, पण आज हिशेब करताना ते विसरून चालत नाही.

मुदतीची रक्कम काढणे

मुदतीची रक्कम काढताना दोन चुका वारंवार होतात. पहिली, फलकावरचा चालू दर धरण्याची, ती वर आली. दुसरी, पूर्ण रकमेवर पाच वर्षांचे व्याज धरण्याची. मावशीच्या शेजाऱ्यांनी एकदा १,२०,००० रुपयांवर ६.२ टक्क्यांनी पाच वर्षांचे ३७,२०० रुपये व्याज सांगून तिला उगाच आशा लावली होती. आरडीत १,२०,००० रुपये पहिल्या दिवशी जमा नसतात. पहिला हप्ता पूर्ण साठ महिने राहतो आणि ६.२ टक्क्यांनी त्या २,००० रुपयांचे साधारण २,७२० होतात. शेवटचा हप्ता एकच महिना राहतो आणि त्याचे जेमतेम २,०१० होतात. सगळे हप्ते मिळून सरासरीने सुमारे अडीच वर्षेच राहतात, म्हणून व्याजही त्या प्रमाणात.

साठही हप्ते पूर्ण झालेल्या खात्यात दरमहा १०० रुपयांमागे मुदतीला किती मिळतात, एवढे चार आकडे माहीत असले की घरच्या घरी काम भागते. ५.८ टक्क्यांना सुमारे ६,९७० रुपये, ६.२ टक्क्यांना ७,०४३ रुपये २७ पैसे, ६.५ टक्क्यांना सुमारे ७,०९९ रुपये आणि ६.७ टक्क्यांना सुमारे ७,१३७ रुपये. आपला हप्ता शंभराच्या कितीपट आहे ते पाहून त्याने गुणावे. मावशीचा हप्ता वीसपट आहे, म्हणून ७,०४३.२७ गुणिले २० म्हणजे सुमारे १,४०,८६५ रुपये. त्यातले १,२०,००० तिने भरलेले आणि २०,८६५ व्याजाचे. फोनवर सांगितलेल्या आकड्यापेक्षा ही रक्कम सुमारे १,८६७ रुपयांनी कमी आहे, पण तिला खरोखर मिळणारी आहे.

ज्यांना संगणकावरच्या हिशेबपत्रकात, म्हणजे एक्सेलसारख्या तक्त्यात, हे स्वतः काढायचे असेल त्यांनी कोणत्याही चौकटीत खालील सूत्र लिहावे. २००० च्या जागी आपला हप्ता आणि ०.०६२ च्या जागी आपला दर टाकावा. दर दोन्ही ठिकाणी बदलायला विसरू नये.

```
=2000*((1+0.062/4)^20-1)/(1-(1+0.062/4)^(-1/3))
```

यातले २० म्हणजे पाच वर्षांतल्या तिमाह्या आणि चारने केलेला भागाकार म्हणजे वार्षिक दराचा तिमाही दर. उत्तर १,४०,८६५ च्या आसपास आले की सूत्र बरोबर उतरले असे समजावे आणि मग आपले आकडे घालावेत.

मुदतीच्या तारखेकडे पुन्हा एकदा

मावशीने जाताजाता विचारले, की नातीच्या कॉलेजच्या प्रवेशासाठी मे २०२८ मध्ये पैसे लागले तर खाते महिनाभर आधी मोडता येईल का. मोडता येईल, कारण तीन वर्षे पूर्ण झाल्यावर, म्हणजे तिच्या बाबतीत १२ जून २०२६ नंतर, मुदतीपूर्वी खाते बंद करण्याची परवानगी आहे. पण मुदतीच्या एक दिवस आधी जरी बंद केले, तरी आरडीचा दर मिळत नाही. पोस्टाच्या बचत खात्याचा दर लागतो, तो सध्या ४ टक्के आहे. महिनाभराच्या घाईसाठी व्याजाचा मोठा भाग सोडावा लागेल. त्यापेक्षा खात्यावर कर्ज घ्यावे. बारा हप्ते भरून आणि खाते एक वर्ष चालू राहून झाले असेल, तर शिलकीच्या निम्म्यापर्यंत रक्कम मिळते आणि तिच्यावर आरडीच्या दरापेक्षा दोन टक्के जास्त, म्हणजे मावशीला ८.२ टक्के व्याज पडेल. महिना-दोन महिन्यांसाठी हे निश्चितच स्वस्त आहे.

मुदत संपल्यावर खाते बंद करायला जाताना पासबुक छापून, शेवटच्या ओळीशेजारी ६० हा आकडा येतो का ते पाहूनच जावे. मावशीच्या खात्यात शेवटचा हप्ता मे २०२८ चा असेल आणि त्या ओळीपुढे शिल्लक १,२०,००० दिसायला हवी. एखादा हप्ता कमी असेल तर तो काउंटरवर उभे राहून, व्याजाची रक्कम कमी का आली म्हणून विचारताना कळण्यापेक्षा घरीच कळलेला बरा. वीस हजारांवरची रक्कम रोखीने मिळत नाही, म्हणून पोस्टात आपले बचत खाते असेल तर त्याचे पासबुकही बरोबर ठेवावे.

मावशीने त्या दिवशी पासबुकाच्या आतल्या पुठ्ठ्यावर एवढेच लिहून घेतले: उघडले १२ जून २०२३, शेवटचा दिवस १५, दर ६.२, मे २०२५ ला २४ वा हप्ता. पुढचा प्रत्येक हप्ता ती आता त्या २४ च्या पुढे मोजते.